लोणावळ्यात धो धो, पुण्यात भुरभुर: पर्जन्यछायेचा अडीच मिनिटांचा व्हाइटबोर्ड व्हिडिओ कसा करायचा

पांढऱ्या कागदावर हात भराभर चित्र काढतोय आणि मागून आवाज समजावून सांगतोय, अशा व्हिडिओला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. फोनचा कॅमेरा, एक ए-थ्री कागद, तीन मार्कर आणि संगणकावर दोन मोफत प्रोग्रॅम एवढ्यात तो होतो. आवाजासाठी Audacity आणि जुळणीसाठी Kdenlive घ्या. दोन्ही विंडोज आणि लिनक्सवर चालतात आणि तयार व्हिडिओवर स्वतःचा शिक्का मारत नाहीत. आयती चित्रं सरकवून देणाऱ्या वेबसाइट मुद्दाम बाजूला ठेवल्या आहेत. त्यांच्या साठ्यात ढग आणि डोंगर सापडतात, पण सह्याद्रीचा छेद सापडत नाही, आणि या विषयात सगळा अर्थ त्या छेदातच आहे.

विषय एकच घेऊ, पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराच्या पलीकडचा कमी पावसाचा पट्टा: जून ते सप्टेंबरात लोणावळ्याला इतका पाऊस आणि पुण्याला इतका कमी, असं का? पुण्यातल्या मुलाला हा फरक लोकलमध्ये बसून बघता येतो, म्हणून पहिल्या वाक्यातच प्रश्न उभा राहतो.

आधी चित्रातली चूक काढा

वर्गात सर्रास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "सह्याद्री ढग अडवतो." हे वाक्य चित्रात उतरलं की बाण डोंगराला धडकतो आणि तिथेच थांबतो. मुलाच्या डोक्यात मग भिंत बसते. खरं तर हवा अडत नाही, ती डोंगर चढून पलीकडे जाते. चढताना ती पसरते, पसरल्यामुळे थंड होते, थंड झाल्यामुळे तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि ते घाटमाथ्यावर पडतं. पाऊस पाडतं ते चढणं. त्यामुळे या व्हिडिओतली सगळ्यात महत्त्वाची रेघ म्हणजे वाऱ्याचा बाण. तो समुद्रावरून निघून डोंगरावरून पुण्यापर्यंत न थांबता गेला पाहिजे.

दुसरी चूक पुण्याच्या जागेची. पुष्कळ आकृत्यांत डोंगराच्या अलीकडे कोकण आणि पलीकडे पुणे एकाच पातळीवर असतात. पण पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे आणि लोणावळा सुमारे ६२० मीटरवर. म्हणजे लोणावळ्याहून पुण्यात उतरताना आपण जेमतेम साठ मीटर खाली येतो. भोवतीचे डोंगर धरले, म्हणजे लोहगडाची सुमारे १०३० मीटर उंची धरली, तरी हवा चारपाचशे मीटरच उतरते. उतरताना ती थोडी दाबली जाते, काही अंशांनी गरम होते आणि ढग विरळ होतात, हे खरं. पण पुण्याच्या बाबतीत त्याच्याइतकंच महत्त्वाचं हे की पुष्कळसं पाणी घाटावरच पडून गेलेलं असतं आणि पुढे हवेला चढायला लावणारं काही उरलेलं नसतं. निवेदनात या दोन्ही गोष्टी येऊ द्या. "पलीकडे हवा उतरते, गरम होते, म्हणून पाऊस नाही" एवढंच सांगितलं, तर हुशार मूल नकाशा उघडून विचारेल की उतरते कुठे?

तिसरी गोष्ट म्हणजे विधानाची मर्यादा. मे महिन्यातला वळवाचा पाऊस आणि परतीच्या पावसातल्या गडगडाटी सरी या कारणाने पडत नाहीत. म्हणून निवेदनात "पुण्यात पाऊस कमी" असं मोघम म्हणू नका, "जून ते सप्टेंबर" हे शब्द ठेवा.

निवेदन आधी, चित्र नंतर

समजावण्याच्या सुरात मराठी बोलताना मिनिटाला साधारण ११० शब्द होतात. अडीच मिनिटांसाठी म्हणजे पावणेतीनशे शब्द पुरेत. त्यापेक्षा जास्त लिहिलंत तर वाचताना घाई होते आणि हातही पोहोचत नाही. निवेदनाचे सहा तुकडे पाडा: प्रश्न, जमिनीचा छेद, समुद्रावरून येणारा वारा, हवेचं चढणं, घाटावरचा पाऊस, आणि शेवटी पुणे. प्रत्येक तुकड्यासाठी वेगळी ओळ, वेगळं ध्वनिमुद्रण आणि वेगळं चित्रीकरण. चुकलं तर तेवढाच तुकडा पुन्हा करता येतो.

सुरुवात अशी करता येईल: "जुलैमध्ये लोणावळ्याला पाऊस कोसळत असतो. तिथून दीडेक तासावर पुण्यात नुसती भुरभुर. वारा तोच, ढग तेच. मग पाणी गेलं कुठे?" नमस्कार नाही, ओळख नाही. पहिल्या पंधरा सेकंदांत प्रश्न पडला नाही तर पुढचं चित्र कोणी बघत नाही.

चौथा तुकडा या व्हिडिओचा गाभा आहे, म्हणून त्याचे शब्द पूर्ण देतो: "डोंगर समोर आला की हवा त्याच्या अंगावरून चढू लागते. वर गेल्यावर तिच्यावरचा दाब कमी होतो, म्हणून ती पसरते. पसरताना ती भोवतालच्या हवेला बाजूला ढकलते, आणि त्या ढकलण्याला लागणारी ऊर्जा ती स्वतःतूनच खर्च करते. म्हणून ती थंड होते. हजार मीटर चढली तर जवळजवळ दहा अंशांनी." हे साधारण पंचवीस सेकंदांत होतं. दहा अंश हा आकडा ढग धरेपर्यंतच्या हवेचा आहे. ढग धरायला लागले की वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते आणि थंड होण्याचा वेग जवळपास निम्म्यावर येतो. सातवीपर्यंतच्या मुलांसाठी हे सोडून दिलं तरी चालेल, फक्त पुढे ढगाच्या वरच्या भागालाही तोच आकडा लावू नका.

"पसरल्यावर थंड" हे पटवायला दाखला द्यायचा असेल तर सायकलच्या ट्यूबचा द्या. व्हॉल्व्ह दाबून हवा सोडली की ती बोटाला गार लागते. तोंड आवळून तळहातावर मारलेल्या फुंकरीचा दाखला मात्र टाळा. तो लोकप्रिय आहे, पण त्या फुंकरीत खोलीतली हवा मिसळते म्हणून ती गार लागते. पसरण्याशी तिचा फारसा संबंध नाही.

शब्दांचं एक ठरवून टाका. वाफेचं पाणी होण्याला विज्ञानाच्या तासाला संघनन म्हणतात, भूगोलात सांद्रीभवन. ज्या वर्गासाठी व्हिडिओ आहे त्याच्या पुस्तकातला शब्द घ्या आणि शेवटपर्यंत तोच वापरा. पावसाचे आकडे पक्के करायला पुण्यात लांब जायला नको, कारण शिवाजीनगरच्या वेधशाळेतूनच देशाच्या हवामानाच्या सरासऱ्या निघतात. चित्रापुरतं एवढं पुरे: पुण्याचा वर्षाचा पाऊस सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटर आणि लोणावळ्याचा ४००० मिलिमीटरच्या पुढे.

आवाज

फोनचा व्हॉइस रेकॉर्डर चालेल. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा. कपडे आवाज शोषतात, त्यामुळे खोलीचा घुमारा येत नाही. फोन तोंडापासून वीतभर लांब, पण थोडा बाजूला धरा, म्हणजे प आणि फ उच्चारताना सुटणारी हवा माइकवर आपटत नाही. पंखा बंद. पेठेत राहत असाल तर रात्री अकरानंतर करा, कारण हॉर्न आणि कुकरच्या शिट्ट्या कोणत्याही प्रोग्रॅमने नीट निघत नाहीत.

बोलण्याआधी पाच सेकंद गप्प राहा. ती शांतता Audacity मध्ये निवडून Noise Reduction उघडा, Get Noise Profile दाबा, मग सगळा आवाज निवडून तोच इफेक्ट पुन्हा चालवा. कपात ६ ते ८ डेसिबलवर ठेवा. जास्त ठेवली तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि मराठीतले स, श, च हे वर्ण सगळ्यात आधी बोथट होतात. नंतर प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला Ctrl+B दाबून लेबल लावा आणि त्याची लांबी कागदावर लिहून घ्या. पुढचा सगळा हिशेब या सहा आकड्यांवर चालतो.

कागद, माप आणि पेन्सिलचा सांगाडा

अप्पा बळवंत चौकात ए-थ्री आकाराचे जाड कागद सुटे मिळतात. १०० जीएसएमच्या वरचा घ्या, पातळ कागद मार्करच्या ओलाव्याने फुगतो आणि कॅमेऱ्यात लाटा दिसतात. एकदम चार कागद आणा. कागदावर पेन्सिलने ४० × २२.५ सेंटीमीटरची चौकट आखा. व्हिडिओचं प्रमाण १६:९ असतं आणि ही चौकट नेमकी त्याच प्रमाणात बसते.

आता छेदाचं माप. अलिबागजवळच्या किनाऱ्यापासून पुणे सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. आडवं माप ३ किलोमीटरला १ सेंटीमीटर धरा. डाव्या कडेपासून ३ सेंटीमीटरवर किनारा, १९ वर खोपोली, २१ वर लोणावळा, २३.५ वर लोहगड आणि ३७ वर पुणे येतं. याच मापाने उंची काढली तर लोहगड साडेतीन मिलिमीटरचा होईल, म्हणजे मार्करच्या दोन रेघांएवढा. त्यामुळे उभं माप १०० मीटरला १ सेंटीमीटर घ्यावं लागतं. चौकटीच्या तळापासून ३ सेंटीमीटरवर समुद्रसपाटीची रेघ धरा. तिच्यावर खोपोली जेमतेम अर्धा सेंटीमीटर, लोणावळा ६.२, लोहगड १०.३, आणि पुणे ५.६ सेंटीमीटर. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंतची रेघ भिंतीसारखी उभी दिसेल, आणि तिथून पुण्यापर्यंत डोंगरांचे दोनतीन उंचवटे घेत हळूहळू उतरत जाईल. हाच सह्याद्रीचा स्वभाव आहे: पश्चिमेला कडा, पूर्वेला पठार.

उभं माप आडव्याच्या तीसपट झालं आहे, हे लपवू नका. निवेदनात एक वाक्य घाला: "कळावं म्हणून डोंगर तीसपट उंच काढला आहे." नाहीतर मुलाला वाटतं की बोरघाट खरोखरच इतका सरळसोट आहे.

हा सगळा सांगाडा एचबी पेन्सिलने अगदी हलक्या हाताने काढा: जमिनीची रेघ, गावांच्या जागा, बाणाचा मार्ग, ढगाची जागा. कॅमेऱ्यात या रेषा जवळपास दिसत नाहीत, आणि उरल्यासुरल्या नंतर पांढरेपणा वाढवताना पुसल्या जातात. मग खिडकीच्या काचेवर धरून तोच सांगाडा दुसऱ्या कागदावर छापून घ्या आणि दोन्हींच्या चार कोपऱ्यांत एकाच जागी ठिपके द्या. हा जोडकागद पुढे कामाला येतो.

मार्कर गोल टोकाचे, दीड ते दोन मिलिमीटर जाडीचे घ्या. जमीन काळ्याने, वाफ आणि पाणी निळ्याने, तापमान लाल रंगाने. चौथा रंग लागत नाही. पिवळा आणि फिकट आकाशी तर घेऊच नका. शाळेतल्या प्रोजेक्टरवर ते नाहीसे होतात.

अक्षरांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. चाळीस सेंटीमीटरची चौकट आडव्या धरलेल्या फोनवर साधारण तेरा-चौदा सेंटीमीटरची होते, म्हणजे सगळं एक तृतीयांश. कागदावर एक सेंटीमीटरचं अक्षर फोनवर साडेतीन मिलिमीटरचं होईल, आणि देवनागरीत त्यातच वर मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार बसवायचे असतात. "सांद्रीभवन" मधला "द्री" अशा मापात नुसता ठिपका दिसतो. म्हणून अक्षराची मूळ उंची दीड सेंटीमीटर ठेवा, मात्रांसाठी वर आणखी एक सेंटीमीटर मोकळा सोडा, आणि सगळ्या चित्रात सातआठ शब्दांवर जाऊ नका. शिरोरेघ शब्द पूर्ण झाल्यावर एका झटक्यात ओढा. बघणाऱ्याला शब्द संपल्याची ती खूण वाटते आणि वेग वाढवल्यावर फार सुरेख दिसते.

फोन, दिवा आणि चित्रीकरण

टेबलावर दोन बाजूंना सारख्या उंचीचे पुस्तकांचे गठ्ठे किंवा स्टीलचे डबे ठेवा, त्यांवर फळी आडवी टाका आणि फोन फळीच्या कडेवर असा ठेवा की लेन्स बाहेर येईल. कागदापासून उंची ३५ ते ४५ सेंटीमीटर लागते. चौकट पडद्यावर काठोकाठ बसेपर्यंत खालीवर करा. शून्य पॉइंट पाचची रुंद लेन्स वापरू नका, तिने समुद्रसपाटीची रेघ कडेला वाकते. फोन आडवा पालथा ठेवला की त्याला दिशा कळत नाही, आणि चित्र कधी उभं तर कधी उलटं नोंदवलं जातं. त्यासाठी फोन आधी हातात उभा-आडवा धरून पडदा फिरू द्या, रेकॉर्डिंग सुरू करा आणि मग फळीवर ठेवा.

अँड्रॉइडवर Open Camera हे मोफत अ‍ॅप घ्या. त्यात तीन गोष्टी करायच्या आहेत. पहिली, फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद करायचे. नाहीतर हात आत येताक्षणी कागद उजळतो आणि हात बाहेर गेला की काळवंडतो. दुसरी, कुलूप लावण्याआधी एक्स्पोजर थोडं वाढवायचं, पाऊण ते एक पायरी. कॅमेरा समोरच्या दृश्याची सरासरी राखाडी धरून चालतो, म्हणून पांढरा कागद त्याला मळकट करावासा वाटतो. तिसरी, स्थिरीकरण बंद करायचं. फोन हलत नसूनही हात हलताना बघून ते कागदच सरकवू लागतं. शिवाय फोन विमान मोडवर टाका, म्हणजे मधेच कोणाचा कॉल येऊन तुकडा तुटणार नाही.

उजेडाचा घोळ पुण्याच्या पावसाळ्यात हमखास होतो. खिडकीतला उजेड डोळ्यांना स्थिर वाटतो, पण ढग आले-गेले की हळूहळू बदलत असतो. तोच तुकडा सहापट वेगाने चालवला की कागद धडधडताना दिसतो, आणि तो दोष नंतर जात नाही. म्हणून पडदे लावा आणि दोन सारखे एलईडी दिवे दोन्ही बाजूंनी तिरके लावा. तापकीर गल्लीत क्लिपचे होल्डर आणि बल्ब दोन्ही मिळतात. उजव्या हाताने काढत असाल तर डावीकडचा दिवा थोडा जवळ घ्या, म्हणजे हाताची सावली मार्करच्या टोकावर पडत नाही. चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले तर तो विजेचा दोष: आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. अ‍ॅपमध्ये शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवलं की पट्टे जातात. पंखा मात्र बंदच हवा, विशेषतः तो दिव्याच्या खाली असेल तर.

आता चित्र काढताना कानात निवेदन लावू नका. त्याच्या मागे धावलात की रेघा थरथरतात. सावकाश, ठाम रेघा ओढा. वेग नंतर मिळेल. हाताला एक शिस्त लावा: प्रत्येक तुकड्याच्या शेवटी हात चौकटीबाहेर काढून तीन सेकंद थांबा. ही तीन सेकंदं नसली तर पुढे चित्र थांबवून दाखवायला जागाच राहत नाही, आणि पडद्यावर अर्धा हात गोठलेला दिसतो.

चौथ्या तुकड्यात काय काढायचं ते बघू. निळा बाण तिसऱ्या तुकड्यात खोपोलीपर्यंत आलेला आहे. तो मार्कर न उचलता डोंगराच्या अंगाने वर, लोहगडावरून पलीकडे आणि पुण्याच्या डोक्यावर न्या. मग बाणाच्या वाटेवर हवेचे तीन गोळे: पायथ्याशी २ सेंटीमीटर व्यासाचा, अर्ध्यावर २.५ आणि माथ्यावर ३ सेंटीमीटरचा. तिन्हींत बारा-बारा ठिपके. गोळा वाढतो पण ठिपके तेवढेच राहतात, यातून "तीच हवा पसरली" हे एकही शब्द न लिहिता कळतं. ठिपके कमीजास्त झाले तर हवा कुठून आली किंवा गळाली, असा गैरसमज होतो, म्हणून मोजूनच द्या. प्रत्यक्षात हजार मीटरवर दाब सुमारे दहावा हिस्सा कमी होतो, म्हणजे गोळा इतका मोठा होत नाही. डोंगराच्या तीसपटीबरोबर हेही एका वाक्यात सांगून टाका. शेवटी पायथ्याला आणि माथ्याला लाल रंगात एकेक तापमापक, माथ्यावरचा पारा खाली.

सहाव्या तुकड्यात पुण्याच्या वर मोकळ्या आकाशात दोन उभे स्तंभ काढा, १००० मिलिमीटरला १ सेंटीमीटर धरून. लोणावळा ४ सेंटीमीटर, पुणे ७ मिलिमीटर. पट्टीने मापून आधी पेन्सिलची खूण करा. अंदाजाने काढलेला पुण्याचा स्तंभ नेहमीच दुप्पट मोठा होतो.

जुळणी

Kdenlive उघडल्यावर प्रोजेक्ट 1080p, सेकंदाला ३० चौकटींचा निवडा. फोनचा व्हिडिओ आत घेताना प्रोग्रॅमने बदलत्या फ्रेम रेटबद्दल विचारलं, तर रूपांतर करू द्या. पुष्कळ फोन सेकंदाला कधी २९ तर कधी ३० चौकटी नोंदवतात आणि त्यामुळे पुढे कापलेल्या जागा घसरतात.

आधी आवाज खालच्या पट्टीवर टाका आणि त्याला हात लावू नका. मग चित्राच्या तुकड्यातून निकामी वेळ काढा: मार्कर बदलणं, टोपण उघडणं, विचार करत थांबणं. Shift+R ने कापा आणि मधला भाग टाकून द्या. उरलेल्याचा वेग ठरवायला एकच हिशेब लागतो:

```
वेग (%) = चित्राचे सेकंद × १०० ÷ निवेदनाचे सेकंद
```

चौथा तुकडा घ्या. समजा कापून झाल्यावर चित्र १३० सेकंदांचं उरलं आणि निवेदन २५ सेकंदांचं आहे. सगळ्याला एकच ५२० टक्के वेग लावणं सोपं, पण तसं केलं की बाण दोन सेकंदांत झपकन निघून जातो आणि जिच्यासाठी व्हिडिओ केला तीच रेघ नजरेतून निसटते. म्हणून तुकड्याचे तीन भाग करा. बाण काढायला १२ सेकंद लागले, त्याला "हवा चढू लागते" या वाक्याची ६ सेकंदं द्या, म्हणजे २०० टक्के. गोळे आणि ठिपके ७८ सेकंदांचे, ते १२ सेकंदांत बसवा, म्हणजे ६५० टक्के. तापमापक ४० सेकंदांचे, ७ सेकंदांत, सुमारे ५७० टक्के. भागावर उजवं बटण दाबून Change Speed मध्ये आकडा टाका. सातआठशे टक्क्यांच्या पुढे हात माशीसारखा भिरभिरू लागतो. तिथे वेग वाढवण्यापेक्षा ठिपक्यांचा मधला एखादा भाग कापून टाकलेला बरा.

जुळवताना कान एका गोष्टीकडे ठेवा. शब्द आणि रेघ एकाच क्षणी सुरू झाली पाहिजे, किंवा शब्द अर्धा सेकंद आधी. रेघ आधी आणि शब्द मागून आला, तर बघणारा "हे काय काढतायत?" या विचारात वाक्य ऐकत नाही. रेघ आधीच पूर्ण झाली आणि निवेदन चालूच असेल, तर शेवटच्या त्या तीन सेकंदांवर जाऊन Extract Frame to Project ने स्थिर चित्र घ्या आणि तेवढ्या वेळापुरतं लावा.

कागद अजून पिवळट-राखाडी दिसत असेल तर Levels हा इफेक्ट चित्राच्या सगळ्या पट्टीवर एकदाच टाका आणि पांढऱ्याची पातळी हळूहळू खाली आणा. पेन्सिलच्या रेषा पुसल्या गेल्या की थांबा. आणखी ओढलंत तर निळ्या रेघांच्या कडा खाल्ल्या जातात आणि हाताचा रंग भाजल्यासारखा दिसतो. तुकड्यातुकड्याला वेगळा इफेक्ट लावू नका, दर सांध्याला कागद रंग बदलेल.

शेवटी Render मध्ये MP4 निवडून फाइल काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून लहान होताना बारीक अक्षरं फाटतात.

तपासणी आणि दुरुस्ती

आवाज बंद करून व्हिडिओ एकदा फोनवर हातभर अंतरावरून बघा. शब्द वाचता आले आणि कारणांचा क्रम नुसत्या चित्रावरून लागला, तर पाया ठीक आहे. मग सहावी-सातवीतल्या एखाद्या मुलाला एकदाच दाखवा आणि कोरा कागद देऊन तीच आकृती काढायला सांगा. त्याच्या कागदावर दोनच गोष्टी बघायच्या: बाण डोंगरावरून पलीकडे गेला आहे का, आणि पुणे कोकणापेक्षा वर आहे का.

बाण डोंगराशी थांबला असेल तर चौथ्या तुकड्यात बाणाचा वेग जास्त झाला आहे. २०० वरून १५० टक्क्यांवर आणा आणि बाण पुण्यावर पोहोचल्यावर एक सेकंद शांतता सोडा. पुणे खाली उतरलं असेल तर दोष दुसऱ्या तुकड्यात आहे. तिथे समुद्रसपाटीची तुटक रेघ पुण्याच्या खालून शेवटपर्यंत नेलेली नसते, म्हणून उंची मोजायला डोळ्याला आधार मिळत नाही. ही रेघ संगणकात वरून चिकटवू नका, हाताच्या रेघांत ती परकी दिसते. जोडकागद काढा, चारही ठिपके पहिल्या कागदाच्या जागी जुळवून चिकटपट्टीने बसवा, दिवे आणि एक्स्पोजर तेच ठेवून दुसरा तुकडा नव्याने काढा, आणि तिथून पुढचे तुकडेही त्याच कागदावर पुन्हा चित्रित करा. मागच्या तुकड्यात नसलेली रेघ पुढच्या तुकड्यात अचानक उगवून चालत नाही. आवाजाला हात लावावा लागत नाही. सांगाडा तयार असतो, त्यामुळे यात एक संध्याकाळ जाते.